तांबड्या पेशींसाठी सलाइन की डिस्टिल्ड वॉटर?

प्रॅक्टिकलला रक्ताचा थेंब कशात मिसळू, असं भाचीने विचारलं.

0.9 टक्के सलाइनमध्ये पेशीच्या आतबाहेर विरघळलेल्या कणांचं प्रमाण सारखं असतं. पाणी जितकं आत जातं तितकंच बाहेर येतं, आकार टिकतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये असे कण जवळजवळ नसतात, म्हणून परासरणाने, म्हणजे कमी कणांच्या बाजूकडून जास्त कणांकडे, पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते. गढूळ लाल मिश्रण नितळ झालं, नळीमागची अक्षरं वाचता आली, की फुटल्या समजा.

परासरणाला पेशीची ऊर्जा लागत नाही. पेशीच्या पडद्यातला सोडियम-पोटॅशियम पंप मात्र एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून दर फेरीला 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत नेतो. एरवी पेशी फुगत नाही ती त्याच्यामुळेच, पण डिस्टिल्ड वॉटरच्या लोंढ्यापुढे तो अपुरा पडतो.

पेशी मायक्रोस्कोपखाली पाहायच्या तर सलाइन. आतलं हिमोग्लोबिन हवं तर डिस्टिल्ड वॉटर.