हातात दहा लाख आणि कामं तीन: आयआरआर बघायचा की पीआय?

समजा मालवणकडे कोणाकडे दहा लाख आहेत, यंदा त्याहून एक रुपयाही जास्त मिळणार नाही आणि समोर कामं तीन. पैशाची किंमत वर्षाला १२ टक्के धरूया. आयआरआर म्हणजे कामात अडकलेल्या पैशावर सुटणारा वर्षाचा दर, आणि पीआय म्हणजे आज घातलेल्या एका रुपयामागे आजच्या किमतीत परत येणारे रुपये. आकडे माझ्या मनचे, लाखात:

| काम | खर्च | दरवर्षी हातात | वर्षं | आयआरआर | पीआय |
|---|---|---|---|---|---|
| हायवेच्या कामगारांचं कँटीन | ४ | २.८ | २ | २५.७% | १.१८ |
| काजू फोडायचं युनिट | ६ | १.५ | ८ | १८.६% | १.२४ |
| होमस्टेच्या खोल्या | ४ | ०.९ | १० | १८.३% | १.२७ |

(हायवेचं काम दोन वर्षांत आटपेल हे धरणं धाडसच, पण असो.)

आयआरआरने लावलं तर कँटीन आणि काजू, दहा लाख संपले. पीआयने लावलं तर होमस्टे आणि काजू, तेही दहा लाखच. आता एनपीव्ही बघा, म्हणजे पुढचे सगळे पैसे १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून त्यातून खर्च वजा केला की उरतं ते. कँटीनचे ७३ हजार, काजूचे १ लाख ४५ हजार, होमस्टेचे १ लाख ८ हजार. पहिल्या जोडीत २ लाख १८ हजार, दुसरीत २ लाख ५३ हजार, म्हणजे पैसे तेवढेच घालून ३५ हजार जास्त.

असं का होतं तर २५.७ टक्के हा दर पैसा कँटीनमध्ये अडकलेला असतो तेवढ्यापुरताच असतो, दोन वर्षांनी तो मोकळा झाला की पुढे त्याला तेवढा दर कुठे मिळणार हे आयआरआर सांगतच नाही. होमस्टेचा दर कमी, पण तो दहा वर्षं चालतो. पीआय सरळ विचारतो की आज घातलेल्या एका रुपयामागे आजच्या किमतीत किती परत येतात, आणि अडचण नेमकी आजच्या रुपयाचीच आहे, म्हणून रँकिंगला मी पीआयच घेईन. हां, पण कँटीन दर दोन वर्षांनी नव्या साइटवर तेवढ्याच कमाईत खरंच लागत असेल तर दहा वर्षांत त्याची एनपीव्ही साधारण २ लाख ४५ हजार होते आणि मग होमस्टे मागे पडतो.

पीआय पण आंधळेपणाने घेऊ नका. हातात सहाच लाख असते तर पीआय होमस्टे आधी घ्यायला लावतो, उरलेल्या दोन लाखात दुसरं काहीच बसत नाही आणि अर्धं काजू युनिट तर उभं राहत नाही. तेव्हा एकटं काजू घेतलेलं बरं, १ लाख ४५ हजार विरुद्ध १ लाख ८ हजार. म्हणून पीआयने क्रम लावायचा आणि मग बजेटमध्ये बसणाऱ्या जोड्यांची एनपीव्ही बेरीज करून बघायची. पुढच्या वर्षीही पैशाची ओढाताण असेल तर एका वर्षाच्या पीआयवर भागत नाही, दोन्ही वर्षांचं बजेट एकत्र मांडावं लागतं.

एक्सेलमध्ये खर्च B1 ला उणे चिन्हाने आणि काजूची आठ वर्षं B2 ते B9 मध्ये टाकलीत तर पीआय असा:

```
=NPV(12%,B2:B9)/-B1
```

B1 कंसात घेऊ नका, एक्सेल पहिला आकडा एक वर्षानंतरचा धरतं. आणि कोणी एनपीव्ही भागिले खर्च यालाच पीआय म्हणतं, तिथे १.२४ ऐवजी ०.२४ दिसेल, क्रम तोच राहतो, फक्त दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना तेवढं बघा.