दर आठवड्याची नोंद की वर्षाअखेरी मेल उपसणं?

एका सहकाऱ्याचा प्रश्न होता: दर शुक्रवारी कामाची नोंद ठेवू, की सेल्फ अप्रेझलच्या वेळी पाठवलेले मेल आणि कॅलेंडर चाळून लिहू?

वेळेचा हिशेब आधी. शुक्रवारची 10 मिनिटं धरली तर वर्षाचे साडेआठ-पावणेनऊ तास होतात. मेल उपसायला एक-दोन दिवस पुरतात. म्हणजे वेळ वाचतो म्हणून नोंद ठेवा, हे काही खरं नाही.

फरक पडतो तो अचूकपणात. समजा, एप्रिलमध्ये तुम्ही महिन्याचा रिपोर्ट 3 तासांवरून 40 मिनिटांवर आणला. पुढच्या मार्चमध्ये मेल शोधलात तर ‘नवा रिपोर्ट जोडला आहे’ एवढंच सापडेल. आधी 3 तास लागत होते, हे कुठेच नसतं. कारण जुना आकडा कोणी मेलने कळवत नाही. शिवाय नव्या माणसाला शिकवलं, फोनवर ग्राहकाची अडचण सोडवली, याचा मेलमध्ये मागमूस नसतो. मग शेवटच्या दोन-तीन महिन्यांचंच काम फॉर्मभर पसरतं.

नोंदही फसते, ‘मीटिंग, फॉलोअप’ असं लिहिलं की. काय केलं, आधी किती होतं, आता किती आणि पुरावा कुठे, एवढं एका ओळीत हवं. (फसलेलं कामही लिहा, साहेबांना ते आठवतंच.)

काम तिकीट सिस्टिममध्ये आपोआप नोंदलं जात असेल, तर वर्षाअखेरी उपसणं पुरेल. समन्वय, शिकवणं, अडचणी सोडवणं असं विखुरलेलं काम असेल, तर शुक्रवारची नोंदच ठेवा. दर आठवड्याला जमत नसेल त्यांनी पंधरवड्याला. महिन्यावर गेलं की आकडे विसरायला होतात.