साधा गजर की झोप ओळखणारा गजर?

माझ्या उशाशी दोन्ही असतात. फोनचा साधा गजर साडेसहाला लावला की साडेसहालाच वाजतो, मग तुम्ही गाढ झोपेत असा नाहीतर कूस बदलत असा. मनगटी पट्ट्याच्या स्मार्ट गजराला मात्र वेळ नव्हे, मुदत द्यावी लागते. साडेसहा आणि तीस मिनिटं म्हटलं, की तो सहापासून हालचाल आणि नाडी बघत बसतो. हलकी झोप दिसली की मनगटावर थरथरतो.

‘आज उशिरा वाजला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच. काल सहा दहाला उठवलं, आज साडेसहाला. पण त्या अर्ध्या तासात हलकी झोप सापडलीच नाही, तर मुदत संपताना वाजणं हेच त्याचं काम. तो उशीर नव्हेच.

खरा उशीर म्हणजे पावणेसातला वाजणं. पट्ट्याऐवजी फोनमधलं अ‍ॅप झोप मोजत असेल, तर ते रात्रभर जागं राहावं लागतं, आणि बॅटरी वाचवायला फोन त्यालाच झोपवतो. खूण सोपी आहे: झोपेचा आलेख पहाटे मध्येच तुटलेला दिसतो. अशा अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये निर्बंधमुक्त करा. साध्या गजराला ही अडचण सहसा येत नाही, कारण त्याची नोंद थेट फोनच्या यंत्रणेकडे असते.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी पट्ट्यावर विसंबतो. सहा पन्नासची लोकल असली की साधाच.