वहीतली सलग नोंद की एसबार शीट? बेड ७ च्या निमित्ताने

नेरुळमधल्या एका तीस खाटांच्या हॉस्पिटलच्या इन्चार्ज सिस्टरांनी परवा विचारलं, "ओव्हरचं रजिस्टर बंद करून एसबारचे छापील फॉर्म आणू का? डॉक्टर तयार आहेत, पण मुली कुरकुरतायत. लिहिणं दुप्पट होईल म्हणतात." शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरच्या हाती देणं म्हणजे ओव्हर, आणि एसबार म्हणजे ती परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस अशा चार कप्प्यांत मांडायची पद्धत. मी दोन्ही पद्धतींनी वर्षानुवर्षं ओव्हर दिली आणि घेतली आहे. एकाच पेशंटची ओव्हर दोन्हीत मांडली की फरक लगेच दिसतो. पावसाळा आहे, म्हणून डेंग्यूचा पेशंट घेते. पेशंट काल्पनिक आहे, पण असे बेड ७ दर ऑगस्टमध्ये प्रत्येक वॉर्डात असतात.

इव्हिनिंगच्या सिस्टरने रजिस्टरमध्ये लिहिलं आहे:

"बेड ७. पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड. दुपारी ४ नंतर ताप नाही. जेवण नीट नाही, दोनदा उलटी, पोट दुखतं म्हणतात. एनएस चालू. व्हायटल्स चार्टला आहेत. संध्याकाळचा सीबीसी आला, प्लेटलेट ४८ हजार, आरएमओंना कळवलं. मिसेस म्हणाल्या, घरी असताना दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. युरिन पास झाली. पेनिसिलिन अ‍ॅलर्जी. नातेवाईक प्लेटलेट कधी चढवणार विचारतात. पेशंट स्टेबल."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, शेवटचं सोडून. पण रात्री सव्वाआठला, एका हाताने ड्रग ट्रॉली मोजत असलेल्या नाईटच्या सिस्टरला यातून ऐकू येतं ते एवढंच: ताप उतरला, प्लेटलेट ४८, स्टेबल. नातेवाइकांप्रमाणे तीही प्लेटलेटच्या आकड्यात अडकते.

आता तीच नोंद चार्टशेजारी ठेवून एसबारच्या चार कप्प्यांत लावू.

परिस्थिती: पुरुष, वय ३४, डेंग्यू, आज तापाचा ५ वा दिवस. दुपारी ४ पासून ताप नाही. त्यानंतर दोन उलट्या, पोटदुखी नव्याने सुरू.

पार्श्वभूमी: काल दाखल, एनएस१ पॉझिटिव्ह, वजन ६० किलो. घरी दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, नाव माहीत नाही. पेनिसिलिन अ‍ॅलर्जी. एनएस चालू, वेग नोटमध्ये नाही, ऑर्डरवरून तपासायचा.

मूल्यमापन: दुपारी २ ला बीपी ११८/७६, पल्स ९२. साडेसातला १०४/८०, पल्स ११२. पीसीव्ही सकाळी ४०, संध्याकाळी ४६. प्लेटलेट ४८ हजार. दुपारी २ ते रात्री ८ युरिन १५० मिली. ताप उतरल्यावर बिघडतोय असं वाटतं.

शिफारस: आरएमओंना पावणेआठला फक्त प्लेटलेट कळवले. बीपीतला फरक, पीसीव्ही आणि युरिन कळवायचं राहिलं आहे. ओव्हर संपायची वाट न बघता आत्ता फोन, डॉक्टरांनी येऊन बघावं. सलाईनचा वेग आणि पुढचा पीसीव्ही कधी, हे विचारून लिहून घ्यायचं. व्हायटल्स दर तासाला, युरिन मोजून. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याचं औषध नको, स्नायूत इंजेक्शन नको.

डेंग्यूत ताप उतरणं हीच धोक्याची वेळ असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि पुढचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू शकतं. वरचं बीपी चांगलं दिसत राहतं, पण खालचं चढतं. दुपारी दोघांतलं अंतर ४२ होतं, आता २४ आहे. ते २० किंवा त्याखाली गेलं की पेशंट शॉकमध्ये धरायचा. पीसीव्ही ४० वरून ४६ म्हणजे १५ टक्के वाढ, रक्त घट्ट होतंय. युरिन तासाला किलोमागे किमान अर्धा मिली हवी, म्हणजे सहा तासांत १८० मिली. "युरिन पास झाली" या तीन शब्दांत ही तूट दडली होती.

फॉर्मने हे ज्ञान दिलं नाही, ते सिस्टरलाच असावं लागतं. फॉर्मने फक्त दुपारचा आणि रात्रीचा आकडा शेजारी आणला, आणि "कळवलं" या शब्दाला नक्की काय कळवलं असा प्रश्न विचारायला लावला. रजिस्टरमध्ये "आरएमओंना कळवलं" वाचलं की विषय मिटल्यासारखा वाटतो. कळवलेलं नेहमी शिफारशीच्या कप्प्यात लिहावं: किती वाजता, काय सांगितलं, उत्तर काय आलं, काय बाकी आहे.

तरीही "रजिस्टर बंद करा" असं मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं नाही. थेट कोरा एसबार फॉर्म हाती दिला तर काय होतं ते मी पाहिलंय. मूल्यमापनात "स्टेबल", शिफारशीत "कंटिन्यू सेम", आणि चौदा पेशंटचे चौदा फॉर्म एकाच पेनाने, एकाच बैठकीत. पेशंटमागे चार मिनिटं धरली तरी जवळपास तास जातो, तो संध्याकाळी कुणाकडे नसतो. मुलींची कुरकुर खरी आहे.

शिवाय सलग नोंदीत जे येतं ते कप्प्यात येत नाही. गोळ्यांबद्दल मिसेस बोलता बोलता म्हणाल्या, कोणी विचारलं नव्हतं. म्हणून दिवसभर रजिस्टरमध्ये मोकळं लिहावं आणि शिफ्ट संपायच्या अर्धा तास आधी त्यातून शीट लावावी. लावताना नोंदीत किंवा चार्टवर नसलेलं काही घालायचं नाही. सलाईनचा वेग नाही तर "नोंद नाही" लिहायचं, अंदाजे आकडा टाकायचा नाही. "स्टेबल" आलं की ते शीटवर न्यायचं नाही, त्याऐवजी शेवटचे आकडे न्यायचे. दोन नोंदी जुळत नसतील तर बेडपाशी जाऊन बघायचं. आणि बेडच्या कागदावर तपासल्याशिवाय अ‍ॅलर्जी उतरवायची नाही, एका बेडची दुसऱ्यावर जाण्याची चूक इथेच होते.

एसबारची मर्यादाही ओळखून असावं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून ही पद्धत कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत आली, आणि तिथे ती मुख्यतः सिस्टरने डॉक्टरला फोनवर काय सांगायचं यासाठी घडवली गेली. त्यामुळे बेड ७ च्या फोनला ती चपखल बसते. पण आयव्ही साईट सुजली का, सलाईन किती उरलं, कॅथेटरची बॅग कधी रिकामी केली, हे चार कप्पे आपणहून विचारत नाहीत. ते दोघींनी मिळून बेडपाशीच बघावं लागतं. आयसीयूत, जिथे डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक अवयवाची नोंद लागते, तिथे मी एकटा एसबार ठेवणार नाही.

नेरुळच्या सिस्टरांना मी सुचवलं ते असं: ज्यांच्यात या शिफ्टमध्ये काही बदललं त्यांचीच पूर्ण शीट, बाकीच्यांची एक ओळ. चौदांत असे तीन-चार निघतात. ताप उतरलेला डेंग्यूचा पेशंट मात्र आकडे चांगले असले तरी पूर्ण शीटवर. आधी एकाच वॉर्डात दोन आठवडे चालवा. रोज ओव्हरनंतर नाईटच्या सिस्टरला कागद न बघता विचारा, आज पहिल्यांदा कुठल्या बेडपाशी जाणार आणि का. तिने बेड ७ म्हटलं आणि कारणात प्लेटलेट न सांगता बीपीतलं अंतर सांगितलं, तर छपाईची ऑर्डर द्या.