ओव्हरचा सारांश: एसबार घ्यावा की स्थिती वेगळी आणि कामं वेळेप्रमाणे?

वॉर्डात पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायचा ओव्हर लिहिण्याची पद्धत ठरवायची वेळ आली की दोन नावं हटकून पुढे येतात. पहिली एसबार. यात प्रत्येक रुग्णाची परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन आणि सूचना या क्रमाने मांडायची. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. दुसरीत रुग्णाची स्थिती एका बाजूला थोडक्यात लिहितात आणि राहिलेली कामं सगळ्या वॉर्डाची मिळून घड्याळाप्रमाणे लावतात. या दुसरीला आय-पास नावाच्या ओव्हरच्या पद्धतीचा आधार आहे. त्यात आजाराची गंभीरता, रुग्णाचा सारांश, कामांची यादी, ‘असं झालं तर काय करायचं’ आणि शेवटी ओव्हर घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगणं, असे पाच भाग असतात. दोन्ही चांगल्या आहेत असं म्हणून सुटता येतं, पण रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात एकच कागद असतो. म्हणून एकच नोट दोन्ही पद्धतींनी लिहून बघू.

दुपारपाळीची मूळ नोट अशी आहे: ‘बेड ७. पोटाचं ऑपरेशन, दुसरा दिवस. वजन ६० किलो. दुपारी २ वाजता बीपी ११८/७४, पल्स ८८, ताप नाही. ड्रेसिंग कोरडं. सकाळी खुर्चीत बसले. नातेवाईक भेटून गेले. लघवी ४ वाजता ४५, ५ वाजता ३२, ६ वाजता २४ मिली. ६ ला बीपी १०४/६६, पल्स १०४. डॉक्टरांना कळवलं, रिंगर लॅक्टेट २५० मिली दिलं. क्रिएटिनिन, पोटॅशियम पाठवलं. ७ वाजता लघवी १८, बीपी ११०/६८, पल्स ९८. पॅरासिटामॉल ६ ला दिलं, पुढचं १२ ला. अमिकासिन १० ला. पेशंट स्टेबल.’

यातली शेवटची दोन वाक्यं नीट बघा. मोठ्या माणसाची लघवी साधारण तासाला दर किलोमागे अर्धा मिली तरी व्हायला हवी, म्हणजे इथे ३० मिली. सलग दोन तास ती त्याखाली आहे आणि सलाईन देऊनही वाढलेली नाही. बीपी थोडं सावरलंय, त्यामुळे लिहिणाऱ्याला ‘स्टेबल’ म्हणावंसं वाटलं असावं. त्यात अमिकासिन हे मूत्रपिंडावर भार टाकणारं औषध आहे. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट अजून यायचाय आणि डोस १० वाजता आहे. या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सारांशाची खरी परीक्षा इथेच होते.

एसबारने लिहिलं तर असं होईल. परिस्थिती: लघवी दोन तास ३० मिलीखाली, ७ वाजता १८, पल्स ९८. ८ ची नोंद नाही. पार्श्वभूमी: पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, वजन ६० किलो, ६ नंतर २५० मिली रिंगर लॅक्टेट देऊन झालं, ड्रेसिंग कोरडं. मूल्यांकन: सलाईनने लघवी वाढली नाही, कारण ठरलेलं नाही. सूचना: ८ ची लघवी मोजून डॉक्टरांना कळवा, क्रिएटिनिन-पोटॅशियमचा रिपोर्ट मागवा, तो बघून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अमिकासिन नको.

हे वाचलं की चित्र लगेच उभं राहतं. डोस का थांबवायचा हे थांबवण्याच्या सूचनेजवळच दिसतं. रात्री डॉक्टरांना फोन करायचा झाला तर हाच मजकूर वाचून दाखवता येतो. पण असे वीस उतारे एकाखाली एक आले की अडचण होते. ८ वाजता काय करायचं आणि १० वाजता काय, हे सिस्टरला वीस ‘सूचनां’मधून वेचून काढावं लागतं. ती ते वेचतेच, बहुतेक हाताच्या मागे पेनाने किंवा चिठोऱ्यावर. म्हणजे वॉर्डची खरी कामांची यादी तिच्या खिशात असते आणि ती दुसऱ्या कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्या पद्धतीत डावीकडे एवढंच येतं: ‘बेड ७, लक्ष ठेवा. पोटाचं ऑपरेशन, दुसरा दिवस. लघवी २४, मग १८ (किमान ३०), सलाईननंतरही कमी. पल्स ९८, बीपी ११०/६८. ८ ची नोंद नाही.’ उजवीकडे सगळ्या वॉर्डाची यादी:

८:०० बेड ७: लघवी मोजणे. ३० पेक्षा कमी असेल तर लगेच डॉक्टरांना कळवणे.
८:३० बेड ७: क्रिएटिनिन, पोटॅशियम रिपोर्ट आला का, प्रयोगशाळेला विचारणे.
९:३० बेड १२: ५:३० ला सुरू केलेली रक्ताची पिशवी, ४ तासांची मर्यादा संपते.
१०:०० बेड ७: अमिकासिन. रिपोर्ट बघून, डॉक्टरांशी बोलूनच.
१२:०० बेड ७: पॅरासिटामॉल.

रात्र कशी जाणार हे इथे एका नजरेत कळतं, आणि बेड १२ ची पिशवी कुठल्या उताऱ्यात हरवत नाही. धोका मात्र १० वाजताच्या ओळीत आहे. घाईत कुणी नुसतं ‘१०:०० बेड ७ अमिकासिन’ लिहिलं तर डोस वेळेवर जाईल, टिकही लागेल आणि कागदावर सगळं व्यवस्थित दिसेल. एसबारमध्ये कारण आपोआप सोबत येतं, इथे ते मुद्दाम ओळीत बसवावं लागतं. म्हणून ही पद्धत घ्यायची असेल तर एक नियम सक्तीचा करावा: ज्या कामाला अट आहे ते अटीशिवाय लिहायचं नाही.

‘८ ची नोंद नाही’ हे दोन्ही पद्धतींत लिहायलाच हवं. ओव्हरचा तास नोंदींतून निसटण्याची शक्यता फार असते, कारण जाणारी सिस्टर लिहीत असते आणि येणारी ऐकत असते. सारांश करताना ही रिकामी जागा ‘ठीक’ म्हणून भरली गेली तर तिसरा कमी आकडा दिसणारच नाही. तसंच ‘स्टेबल’ हा शब्द सारांशात उचलायचा नाही, त्याच्या जागी आकडे लिहायचे. नातेवाईक, खुर्ची ही वाक्यं गाळली तरी चालतात.

माझं मत असं: एका सिस्टरकडे दोन-तीन गंभीर रुग्ण असतील, तर एसबार. तिथे वेळ तिच्या डोक्यात मावते आणि कारणं जास्त महत्त्वाची असतात. जनरल वॉर्डात एका सिस्टरकडे पंधरा-वीस बेड असतील, तर दुसरी पद्धत, आणि बेड ७ सारखा एखादा रुग्ण असला तर त्याच्यापुरता एसबारचा उतारा जोडायचा. आय-पासच्या बाजूने २०१४ साली प्रसिद्ध झालेला नऊ रुग्णालयांचा अभ्यास आहे. त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पण तो निवासी डॉक्टरांच्या ओव्हरचा होता आणि त्यात प्रशिक्षणही होतं, तेव्हा नुसता छापील फॉर्म आणून तेवढा फरक पडेल असं धरू नये.

पद्धत चालते की नाही हे फॉर्म भरलेत का बघून कळत नाही. ओव्हर संपल्यावर येणाऱ्या सिस्टरला विचारा: ‘आधी कुणाकडे जाणार आणि १० वाजता काय थांबवायचंय?’ कागदाकडे न बघता उत्तर आलं तर सारांश जमला.

दुसरी पद्धत घेणार असाल तर यादीत नुसता बेड नंबर ठेवू नका, सोबत नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. रात्री ९ वाजता बेड ७ चा रुग्ण आयसीयूत हलला आणि तिथे नवा रुग्ण आला, तर १० वाजताची ओळ नव्या माणसाला लागू होऊन बसते. एसबारचा उतारा रुग्णाच्या केसपेपरसोबत जातो, वेळेची यादी वॉर्डातच राहते. म्हणून रुग्ण हलला की त्याच्या सगळ्या ओळी त्याच क्षणी खोडायच्या आणि कुणी खोडल्या याची सही करायची.