सोन्यासाठी 100 दिवसांच्या सरासरीचा नियम: आठ महिने शीट चालवल्यावर

नियम एका ओळीचा आहे. गोल्ड ईटीएफचा बंद भाव गेल्या 100 सत्रांच्या सरासरीच्या वर असेल तर युनिट धरायचे, खाली गेला की विकून मोकळं व्हायचं. आठ महिने तो गूगल शीटमध्ये चालवल्यावर नियमाबद्दल थोडंच सांगता येतं. शीटबद्दल मात्र बरंच, कारण फसवते ती शीटच.

आधी भाव कुठला घ्यायचा ते. इतवारीच्या सराफ्याचा भाव नागपुरात रोज हाताशी असतो, पण एका नोंदीत तो जीएसटी धरून, दुसरीत वगळून. अशा नोंदी सलग लावल्या की मधेच 3 टक्क्यांची उडी दिसते, जी बाजारात झालेलीच नसते. डॉलरचा भावही चालत नाही. 23 जुलै 2024 ला आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, तेव्हा इथलं सोनं एका दिवसात पाच टक्क्यांच्या आसपास पडलं. डॉलरच्या आलेखात त्याचा मागमूस नाही. म्हणून रुपयातला ईटीएफ:

```
=GOOGLEFINANCE("NSE:GOLDBEES","close",DATE(2011,1,1),DATE(2018,12,31),"DAILY")
```

2018 ला थांबणं मुद्दाम आहे. पुढची वर्षं शेवटच्या परीक्षेसाठी झाकून ठेवायची. आलेल्या भावांत एका दिवसात 8 टक्क्यांहून मोठी हालचाल दिसली, तर ती तारीख तपासायची. युनिटचं विभाजन किंवा चुकीची नोंद असू शकते.

हे सूत्र A1 मध्ये टाकलं की A मध्ये तारीख, B मध्ये भाव येतो. C101 मध्ये सरासरी, D101 मध्ये इशारा, E103 मध्ये परतावा. मग तिन्ही खाली ओढायचे:

```
C101: =AVERAGE(B2:B101)
D101: =IF(B101>C101,1,0)
E103: =D101*(B103/B102-1)-0.002*ABS(D101-D100)
```

सगळ्यात महागडी चूक E मध्ये होते. तिथे D101 ऐवजी D103 लिहिलं, तर आजचा भाव वर गेल्यामुळे मिळालेला इशारा आजचाच नफा मोजतो आणि आलेख कसा झक्कास चढतो! वरच्या सूत्रात इशारा 101 व्या ओळीत मिळतो, खरेदी 102 च्या बंद भावाला होते आणि नफा 103 पासून. 0.002 म्हणजे दर व्यवहाराला 0.2 टक्के खर्च धरला आहे. भाव सरासरीभोवती घुटमळत राहिला आणि वर्षात 10 व्यवहार झाले, तर 2 टक्के तिथेच गेले.

आता ओव्हरफिटिंग, म्हणजे जुन्या भावांवर योगायोगाने जुळलेल्या आकड्याला खरा नियम समजणं. 100 बरोबर की 85, हा प्रश्न पडतोच. 20 ते 200 पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने गेलं तर 37 सरासऱ्या होतात. त्यांना पाच स्टॉपलॉस, म्हणजे किती तोट्यावर विकायचं याच्या पाच मर्यादा, जोडल्या की 185 जोड्या. निव्वळ नशिबाने चांगली दिसण्याची शक्यता दर जोडीला 5 टक्के धरली, तरी नऊ जोड्या काहीही दम नसताना चमकतील. आणि आपण निवडणार नेमक्या त्यातल्याच.

हे ओळखायला शेजारी पाहायचे. 85 ला भरघोस नफा, पण 80 आणि 90 ला धड मुद्दलही नाही, तर 85 ने दोन-तीन मोठ्या घसरणी योगायोगाने चुकवल्या आहेत. 80 ते 120 पर्यंत निकाल साधारण सारखा असेल तर मधला आकडा घ्यायचा, सर्वांत उंच नव्हे.

दुसरी कसोटी जास्त कामाची. F3 पासून रोजचा टक्केवारी बदल काढायचा आणि G3 मध्ये तो पत्त्यांसारखा पिसायचा (1900 च्या जागी आपली शेवटची ओळ):

```
=SORT(F3:F1900,RANDARRAY(ROWS(F3:F1900),1),TRUE)
```

हा स्तंभ लगेच फक्त मूल्यं म्हणून चिकटवायचा, नाहीतर प्रत्येक बदलाला तो पुन्हा पिसला जातो. मग H2 मध्ये 100 आणि H3 मध्ये `=H2*(1+G3)` टाकून खोटा भाव उभा करायचा. गंमत अशी, की या खोट्या सोन्याचा सुरुवात ते शेवट परतावा खऱ्याइतकाच राहतो. बदलतो तो फक्त दिवसांचा क्रम. नुसतं धरून बसणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच मिळतं. कल मात्र क्रमातच असतो आणि तो आता मोडलेला आहे. त्यावर त्याच 185 जोड्या चालवायच्या आणि सर्वोत्तम आकडा लिहून ठेवायचा. हे किमान 20 वेळा करायचं, कंटाळा येतो तरी. खोट्या भावांवरचे सर्वोत्तम आकडे खऱ्याच्या आसपास येत असतील, तर आपल्या 85 मध्ये शोध काहीच नाही.

झाकलेली वर्षं एकदाच उघडायची. निकाल पाहून सरासरी बदलली की तो भागही वापरून झाला. तिथे तुलना शून्याशी नको, धरून बसण्याशी हवी, कारण 2019 पासून सोनं इतकं चढलंय की जवळपास कुठलाही खरेदीचा नियम हुशार दिसतो. नियम परताव्यात मागे राहूनही मोठी घसरण अर्ध्यावर आणत असेल, तर तो कामाचा आहे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

आठ महिन्यांचा वापर नफ्याबद्दल काही सिद्ध करत नाही, व्यवहार फारच कमी होतात. तपासता येते ती भावातली तफावत. ईटीएफ साडेतीनला बंद होतो, एमसीएक्सच्या वायदे बाजारात सोनं रात्रीपर्यंत चालतं आणि अमेरिकेचे आर्थिक आकडे आपल्या संध्याकाळी येतात. त्यामुळे सकाळचा पहिला भाव आदल्या दिवसापासून बराच लांब उघडू शकतो. शीट दुसऱ्या दिवसाचा बंद भाव धरते, म्हणून ऑर्डरही सव्वातीननंतरच टाकायची. मिळालेला भाव शीटच्या शेजारच्या स्तंभात लिहायचा. हा फरक खर्चासकट सतत 0.2 टक्क्यांच्या वर जात असेल, तर सूत्रातला खर्च वाढवून जुनी सगळी वर्षं पुन्हा मोजायची.