क्रियाविशेषण कुठे टांगायचं: क्रियापदाला की घटनेला?

वाक्यांचे अर्थ तर्कशास्त्राच्या भाषेत मांडायला बसलात की कर्ता-कर्मापर्यंत सगळं सुरळीत चालतं. गाडी अडते ती क्रियाविशेषणांपाशी. तिथे दोन वाटा फुटतात. मी एम.ए.च्या प्रबंधासाठी दोन्हींवर काही महिने चाललो. आता माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, पण दुसऱ्या वाटेवरही सज्जन माणसं राहतात हे आधीच सांगून ठेवतो.

माझं कसोटीचं वाक्य घरचंच होतं: ‘सुमनने रात्री ओसरीवर विळीने फणस चिरला.’ यातून ‘सुमनने विळीने फणस चिरला’, ‘सुमनने रात्री फणस चिरला’, नुसतं ‘सुमनने फणस चिरला’ ही सगळी वाक्यं निघतात. ‘रात्री’, ‘ओसरीवर’, ‘विळीने’ ही तीन क्रियाविशेषणं, पुढे नुसतं विशेषणं म्हणतो, ठेवायची की गाळायची याच्या एकंदर आठ तऱ्हा होतात, आणि मूळ वाक्य खरं असेल तर आठही खऱ्या. मांडणी अशी हवी की ही अनुमानं आपोआप हाती लागतील.

पहिल्या वाटेवर क्रियाविशेषण म्हणजे एक फलन. ते क्रियापद आत घेतं आणि नवं, जरा अरुंद क्रियापद बाहेर देतं. रिचमंड थॉमसन आणि रॉबर्ट स्टॅलनेकर यांनी 1973 साली ही भूमिका नीट मांडली. आमचं वाक्य तिथे असं दिसतं:

```
ratri(osari(vili(chir)))(suman, phanas)
```

दुसरी वाट तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसनची, 1967 सालची. त्याच्या उदाहरणातला जोन्स मध्यरात्री न्हाणीघरात सुरीने टोस्टला लोणी लावत असतो. डेव्हिडसन म्हणतो, क्रियापदात एक न दिसणारी जागा आहे आणि तिथे घटना बसते. विशेषणं क्रियापदाबद्दल बोलतच नाहीत, त्या घटनेबद्दल बोलतात:

```
exists e.(chir(e,suman,phanas) & ratri(e) & osari(e) & vili(e))
```

(NLTK या भाषेवर काम करायच्या पायथॉन-संचात लिहीत असाल तर तिथे `e` हे अक्षर घटनेच्या चलासाठीच राखून ठेवलेलं आहे.)

दिसायला पहिली मांडणी सुबक आहे. वाक्याची रचना तिच्यात जशीच्या तशी उमटते, आणि घटना नावाची नवी चीज जगात असल्याचं मान्य करावं लागत नाही. सुरुवातीला मी तिच्याच बाजूने होतो. मला छळलं ते तिच्या कांद्यासारख्या पापुद्र्यांनी.

वरचा ‘रात्री’ सोलायला एक नियम पुरतो: विशेषण लावलेली क्रिया घडली तर मूळ क्रियाही घडली. तो लावून ‘ओसरीवर विळीने चिरला’ मिळतं. पण मला ‘रात्री चिरला’ हवं असेल तर? ‘रात्री’ तर सगळ्यात बाहेर आहे, आणि सोलायचे आहेत आतले दोन पापुद्रे. त्यासाठी वेगळा नियम लागतो: एक क्रिया दुसरीत सामावलेली असेल, तर ‘रात्री’ लावल्यावरही सामावलेलीच राहते. शिवाय मराठीत ‘विळीने रात्री’ आणि ‘रात्री विळीने’ यांत अर्थाचा फरक नाही, पण सूत्रं मात्र वेगळी. तीन विशेषणांचे सहा क्रम होतात. ते सारखेच आहेत हे सांगायला अदलाबदलीचा तिसरा नियम. हे नियम सगळ्या विशेषणांना सरसकट लावता येत नाहीत, म्हणून प्रत्येक नव्या शब्दाला विचारायचं, बाबा रे, तू यांतले कुठले पाळतोस? माझी वही वाक्यांपेक्षा या नियमांनीच जास्त भरली. डेव्हिडसनकडे हे सगळं आणि-आणिने जोडलेलं आहे. हवं ते गाळा, हवं तसं फिरवा, अनुमानाला नियम लागतो तो ‘आणि’चाच.

मग वाटलं, कटकट टाळायला विशेषण सरळ कर्ता-कर्माच्या जोडीलाच चिकटवावं: सुमन आणि फणस या जोडीबद्दल ‘चिर’ खरं, ‘रात्री’ खरं, ‘विळीने’ही खरं. हा मोह आवरा. समजा सुमनने अर्धा फणस रात्री सुरीने चिरला आणि उरलेला सकाळी विळीने. तर ‘रात्री चिरला’ खरं आणि ‘विळीने चिरला’ही खरं, पण ‘रात्री विळीने चिरला’ खोटं. जोडी एकच असल्यामुळे चिकटवलेली मांडणी तेही खरं ठरवते. घटना मोजल्या तर त्या दोन आहेत, आणि रात्रीच्या घटनेला विळी कुठे नाहीच. घटना मानायची गरज मला तिथे पटली, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नव्हे.

आता दुसऱ्या बाजूचं न्याय्य म्हणणं. ‘सुमनने फणस जवळजवळ चिरला’ यातून ‘चिरला’ निघत नाही. इथे `javaljaval(e)` लिहिलंत तर फसलात, कारण गाळून पाहिलं की ‘चिरला’ हातात येतं. फलनांच्या वाटेवर हा शब्द मुकाट बसतो, त्याच्यापुरता सोलायचा नियम द्यायचा नाही, एवढंच. ‘हळू’ही तसंच खट्याळ. पोहून खाडी ओलांडणारा पोहणाऱ्यांत जलद असेल, पण ओलांडणाऱ्यांत, होड्यांशी तुलना केली तर, हळूच. घटना एकच मानली तर ती जलदही आणि हळूही. ही अडचण डेव्हिडसनने स्वतःच ओळखली होती आणि असे शब्द बाजूला ठेवले होते. मी ‘हळू’ला तुलनेचा गट जोडून वेळ मारून नेतो. ‘जवळजवळ’, ‘कदाचित’ यांना घटनेवर टांगतच नाही, सूत्राच्या बाहेर ठेवतो. तुमच्या वाक्यांत असेच शब्द भरून असतील, तर पहिली वाट कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. माझ्या संग्रहात वेळ, जागा, साधन यांचीच गर्दी होती.

घटनेची वाट धरलीत तर आणखी एक छोटा निर्णय उरतो. कर्ता-कर्म क्रियापदाच्या कंसातच ठेवायचे, की टेरेन्स पार्सन्सने 1990 च्या पुस्तकात केलं तसं तेही सुटे करायचे:

```
exists e.(chir(e) & karta(e,suman) & karm(e,phanas) & karan(e,vili))
```

शाळेत कारकं शिकलेल्या माणसाला हे परकं वाटू नये. कर्ता, कर्म, करण ही क्रियेशी असलेली नातीच. मला हे सुटं रूप आवडतं ते ‘उघडणे’सारख्या क्रियापदांमुळे. ‘सुमनने दार उघडलं’ आणि ‘दार उघडलं’ यांसाठी कंसवाल्या रूपात दोन वेगळी क्रियापदं मानावी लागतात. सुट्या रूपात कर्त्याचा तुकडा गाळला की दुसरं वाक्य तयार. (काटेकोर मंडळी इथे उघडवण्याची एक आणि उघडण्याची एक अशा दोन घटना मानतात. माझ्या कामाला तेवढी बारीक चाळण लागली नाही.)

फक्त नाती प्रत्ययांवरून आपोआप भरायला जाऊ नका. ‘सुमनने’ आणि ‘विळीने’ दोघींनाही ‘ने’ आहे, आणि ‘मी विळीने फणस चिरला’मध्ये कर्त्याला प्रत्ययच नाही. माझ्या पहिल्या खेपेच्या यादीत त्या वाक्याची कर्ती विळी झाली होती, आणि मी कुठेच नव्हतो.